लोटलेलं दार

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. शाळा सुटल्यावर ते दोघा-तिघांना प्रयोगशाळेत थांबवून घेत आणि परीक्षानळ्या धुवायला लावत. एकाच मोरीवर आम्ही शेजारी शेजारी उभे असायचो. पाठ वर्गाकडे, तोंड भिंतीकडे. माझ्या वडिलांची नोकरी गेली होती आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. ती गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ती त्या मोरीवर, हातात नळी धुण्याचा ब्रश असताना. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी पुढची नळी माझ्या हातात दिली आणि नळ जरा बारीक केला, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. पुढे मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि गेली सव्वीस वर्षं शाळेत आणि शाळेबाहेर मुलांबरोबर बसते आहे. तो बारीक केलेला नळ मला अजून आठवतो.

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होते, खोलीत जाते, दार लोटते, आणि आपण काही विचारलं की एकाच शब्दात उत्तर येतं. ‘हं.’ ‘ठीक.’ ‘नंतर.’ ‘माहीत नाही.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, ‘काही नाही.’ आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा हे पाच शब्द ते अगदी त्या मुलाच्या सुरात म्हणून दाखवतात. इतके ते शब्द त्यांना लागलेले असतात.

मी आज एकाच घराची गोष्ट सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून आपणही त्याला दादाच म्हणू. दहावीला ९४ टक्के. वडील पतसंस्थेत रोखपाल, आई घरून शिवणकाम करते. अकरावीला त्याला जेईईच्या क्लासला घातलं. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. गणपती झाल्यावर आईवडील माझ्याकडे आले तेव्हा दादा महिनाभर जवळजवळ बोललेला नव्हता. यायचा, ताट खोलीत न्यायचा, रिकामं ताट मोरीत ठेवायचा. वडील म्हणाले, “घरात पेइंग गेस्ट ठेवल्यासारखं झालंय.” आई म्हणाली, “मी काय कमी विचारते का त्याला? दिवसभर विचारतच असते.”

आईचं ते वाक्य मी धरून ठेवलं. तिला म्हटलं, एक वही करा. उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही दादाशी जे जे बोलाल ते प्रत्येक वाक्य लिहून काढा. चांगलं-वाईट काही बदलू नका, फक्त लिहा. तिने शिवणाच्या मापांच्या वहीतच लिहिलं. एका दिवसाची त्रेचाळीस वाक्यं. आम्ही दोघी शेजारी बसून ती वाचू लागलो. एकोणीस वाक्यं सूचना होती: उठ, आवर, चार्जिंग काढ, ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस. पंधरा वाक्यं तपासणी होती: डबा संपवलास का, टेस्टचे मार्क आले का, किती वाजता झोपलास. सहा जेवणाची. दोन वाक्यांत शेजारच्या मुलाचं नाव होतं. उरलं एक. संध्याकाळी खिडकी लावताना ती म्हणाली होती, “पाऊस आला बघ.” त्याच्यापुढे तिने प्रामाणिकपणे त्याचं उत्तरही लिहिलं होतं: “हो, डोंगराच्या बाजूने पण भरून आलंय.”

त्या दिवसातलं दादाचं सगळ्यात मोठं उत्तर ते होतं, आणि ते त्या एकमेव वाक्याला मिळालं होतं ज्यात त्याच्याकडे काहीच मागितलेलं नव्हतं. आईने ते वाक्य दोनदा वाचलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

तपासणीच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर येणं ही मुलाची चूक नाही, त्या प्रश्नाचा घाटच तसा आहे. ‘डबा संपवलास का’ याला ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय तिसरं उत्तर काय असणार? आणि ‘आज काय झालं?’ हा प्रश्न मोकळा वाटला तरी त्याच्या कानाला तसा लागत नाही. बारा तास बाहेर काढून आलेल्या माणसाला दारातच दिवसाचा गोषवारा मागण्यासारखं ते आहे. शिवाय त्याला ठाऊक असतं की या गोषवाऱ्यातली एखादी ओळ उचलली जाईल आणि तिच्यावर चर्चा होईल. ‘काही नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: तुमच्या यादीत बसेल असं काही झालेलं नाही, आणि जे झालंय ते मला आत्ता चर्चेला द्यायचं नाही.

इथे मला एका संशोधनाबद्दल सांगायचं आहे, कारण त्याने माझी स्वतःची काम करण्याची रीत बदलली. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोघांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी सगळीकडे असं मानलं जात होतं की जे पालक मुलांवर लक्ष ठेवतात त्यांची मुलं वाट चुकत नाहीत. या दोघांनी साधा प्रश्न विचारला: पालकांना मुलाबद्दल जी माहिती असते ती त्यांच्यापर्यंत येते कुठून? विचारपूस करून, नियम घालून, की मुलगा आपणहून सांगतो म्हणून? उत्तर स्पष्ट होतं. पालकांना जे माहीत असतं त्यातलं बहुतेक मुलाने स्वतःहून सांगितलेलं असतं. विचारपूस आणि पाळत यांचा वाटा त्यामानाने थोडा.

म्हणजे, मित्रहो, आपल्या मुलाविषयी आपल्याला किती कळणार हे त्याच्या हातात आहे. हे पचवायला जड जातं. मलाही गेलं. पण एकदा ते मान्य केलं की कामाची दिशा बदलते. मग ‘त्याच्याकडून कसं काढून घेऊ’ हा प्रश्न मागे पडतो आणि दुसरा प्रश्न पुढे येतो: सांगणं त्याला कुठे महाग पडलं?

दादाच्या आईवडिलांना मी तेच विचारलं. तो बोलायचा थांबला, त्याच्या अगदी आधी तो शेवटचं काय बोलला होता? दोघांना आधी आठवेना. मग वडील हळूच म्हणाले, ऑगस्टमध्ये एकदा तो म्हणाला होता, “पप्पा, केमिस्ट्रीतला मोल कन्सेप्ट मला कळतच नाही.” मग? मग वडिलांनी त्याला समोर बसवलं. दहावीला ९४ आणि आता कळत नाही म्हणजे काय, लक्ष कुठे असतं, मोबाइलचं काय, फी किती भरली आहे, हे सगळं झालं. चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी काळजीपोटी क्लासला फोन केला. तिसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी ऐंशी मुलांसमोर त्याला उभं करून विचारलं, “काय रे, घरी तक्रार करतोस?”

वडिलांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगते. पण हिशेब मांडून पाहा. एका वाक्याची किंमत चाळीस मिनिटं, एक फोन आणि ऐंशी मुलांसमोरची मान खाली. ‘ठीक’ म्हणायची किंमत शून्य. पंधरा वर्षांचा शहाणा मुलगा यातून काय निवडेल? सांगितल्यावर घरून कडवट प्रतिक्रिया आली की मूल पुढच्या वेळी कमी सांगतं, हे स्टॅटिन-कर यांच्या परंपरेतल्या पुढच्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्या घरांत ते दिसायला अभ्यासाचीही गरज नाही.

मी त्या दोघांना एकवीस दिवसांसाठी थोडं काम दिलं. दादाला माझ्याकडे आणू नका, असंही सांगितलं. अशा मुलाला ओढून समुपदेशकापुढे बसवलं की तो तिथेही ‘ठीक’ म्हणतो आणि एक दार आणखी बंद होतं.

काम असं होतं. तो घरी आला की पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही. ‘आलास’ म्हणायचं, पाणी द्यायचं, संपलं. त्याच्या खोलीशी जायचं तर टकटक करायची आणि आतून काही आवाज येईपर्यंत थांबायचं. आत पाऊल न टाकता उंबऱ्याशीच एक गोष्ट सांगायची आणि निघायचं. ‘खाली दूधवाला आलाय, मी जातेय’ एवढीसुद्धा चालेल. निघायचं हे महत्त्वाचं. आपण आत आलो की बराच वेळ हलत नाही, हे मुलांना अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून ती आपल्याला आतच येऊ देत नाहीत. चार-पाच दिवस रोज थोडक्यात बोलून निघून गेलात की दाराशी तुम्ही दिसलात तर त्याचे खांदे वर चढत नाहीत. हे मी उपमा म्हणून सांगत नाही, खांदे खरोखर पाहा.

दुसरं, दोघांनी रोज स्वतःच्या दिवसातलं एक खरं वाक्य त्याच्या कानावर घालायचं. यात पालक हमखास चुकतात. वडिलांनी पहिल्या दिवशी सांगितलं, “आज एक मुलगा आला होता खातं उघडायला, काय नम्र होता!” हे वाक्य स्वतःबद्दलचं नाहीच, ते गोळी गुळात घालून देणं झालं, आणि मुलांना त्या गुळाचा वास लांबून येतो. दोन दिवसांनी वडिलांनी दुसरं सांगितलं. “आज कॅश जुळेना. ३४० रुपये कमी. सव्वा तास बसलो मोजत.” जेवताना, ताटाकडे बघत. दादाने पहिल्यांदा मान वर केली. “मग?” वडील म्हणाले, “मग शेवटी एका व्हाउचरची नोंद दोनदा झाली होती ते सापडलं.” पुढे कुणी काही बोललं नाही. पण ‘मग?’ हा प्रश्न होता, आणि तो त्याच्याकडून आला होता.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. तो काहीही बोलला तर त्या दिवशी सल्ला द्यायचा नाही, आणि ते तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मावशीला नाही, क्लासला नाही, बहिणीलाही नाही.

मध्येच झोपेबद्दल बोलते, कारण त्याच्याशिवाय हे गणित सुटत नाही. वयात येताना शरीरातलं घड्याळ खरोखर पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. दोन तासांपर्यंत फरक पडतो. मुलगा अकराला टक्क जागा असतो तो हट्टाने नव्हे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि साडेसहाला घर सोडणाऱ्याला ती मिळणं शक्यच नाही. संध्याकाळी सहाला तुम्ही ज्याला प्रश्न विचारता तो अर्धवट झोपेतला मुलगा असतो. तोच मुलगा रात्री पावणेअकराला स्वयंपाकघरात येऊन डबे उघडतो तेव्हा त्याचं डोकं स्वच्छ असतं, आणि नेमके आपण तेव्हा पेंगत असतो किंवा ‘अजून जागाच?’ म्हणत असतो. दादाच्या आईला मी सांगितलं की शिवणातली बटणं लावायचं काम रात्री ओट्याजवळ घेऊन बसा. काही बोलू नका. पाचव्या रात्री तिने वहीत लिहिलं: “१०:५०. पोहे आहेत का म्हणाला. केले. इथेच उभा राहून खाल्ले.” त्याआधी महिनाभर घरात त्याने खोलीबाहेर काही खाल्लं नव्हतं.

शिकागोच्या आसपासच्या मुलांना रीड लार्सन आणि सहकाऱ्यांनी पेजर दिले होते. दिवसात केव्हाही तो वाजायचा आणि त्या क्षणी आपण कुठे, कुणाबरोबर आहोत ते मुलाने लिहायचं. १९९६ साली त्यांनी मांडलं की पाचवीपासून बारावीपर्यंत जागेपणातला कुटुंबाबरोबरचा वेळ ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर येतो. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे मुलं घरच्यांबरोबर जास्त राहतात. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी मला जास्त मोलाची वाटते. एकट्या आईबरोबर किंवा एकट्या वडिलांबरोबरचा वेळ फारसा घटला नव्हता. घटला होता तो सगळे जमून बसण्याचा वेळ. म्हणून ‘आपण सगळे मिळून एकदा बसून बोलू’ ही घरची बैठक मला या वयात निरुपयोगी वाटते. त्या बैठकीत तीन माणसं चौथ्याकडे बघत असतात.

आता पंख्याची गोष्ट. अकराव्या दिवशी दादाच्या खोलीतला पंखा मंदावला. चालू केला की जागच्या जागी घुमायचा, काठीने ढकलला की हळू फिरायचा. वडिलांनी वायरमनला बोलवायचं ठरवलं होतं, पण मग त्यांनीच बाजारातून अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात, शंभराच्या आत मिळतो. रविवारी दुपारी ते दाराशी गेले, टकटक केली, म्हणाले, “मला शिडी धरायला कुणीतरी पाहिजे.” ‘तुझी मदत पाहिजे’ असं भरजरी काही नाही. दादा उठला. त्याने न सांगता मेन स्विच पाडला. वडील शिडीवर, वरची कटोरी सरकवून वायरी सोडवतायत. दादा खाली, एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हाताने मोबाइलचा उजेड पाडतोय. दोघांचीही नजर पंख्याकडे. वडील म्हणाले, “कुठली वायर कुठे होती ते विसरलो बघ.” दादा म्हणाला, “मी फोटो काढलाय आधीच.” मग थोडा वेळ गेला. मग तो त्याच सुरात, पंख्याकडेच बघत म्हणाला, “पप्पा, तो क्लास मला झेपत नाहीये.”

वडिलांनी मला नंतर सांगितलं, “बाई, माझ्या तोंडात अख्खं भाषण आलं होतं. पण तोंडात स्क्रू धरला होता, त्यामुळे मी फक्त ‘हं’ म्हटलं.”

त्या ‘हं’नंतर दादा जवळजवळ दहा मिनिटं बोलला. मोल कन्सेप्ट मागे राहिला, त्याच्यावरचं सगळं मागे राहिलं, सर पुढे गेले. विचारायची सोय नाही कारण मागे एकदा उभं केलं होतं. शेवटच्या बाकावर बसतो आणि फळ्यावरचं फक्त उतरवून घेतो. रात्री जागून तो समजून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि आई समजते मोबाइल बघतोय. वडिलांनी दोनदाच तोंड उघडलं. एकदा म्हणाले, “म्हणजे ऑगस्टपासून एकट्यानेच ओढतोयस.” आणि एकदा विचारलं, “सगळ्यात जड केव्हा जातं?”

या दोन वाक्यांकडे नीट पाहा. पहिल्यात प्रश्नच नाही. त्याने जे सांगितलं त्यातला अर्थ उचलून त्याच्याच हातात परत दिला आहे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनी माणसांशी बोलण्याची जी पद्धत विकसित केली तिचा हा कणा आहे, आणि अबोल मुलाला ती तितकीच लागू पडते. नेमकं परत आलं की माणसाला वाटतं, पोचलं, आणि तो पुढचं सांगतो. चुकीचं परत आलं तरी बिघडत नाही. तो दुरुस्त करतो, ‘तसं नाही, म्हणजे…’, आणि त्या दुरुस्तीतच तो बोलत राहतो. दुसऱ्या वाक्यात प्रश्न आहे, पण त्यात ‘का’ नाही. आपल्या मराठीत ‘का?’ हा शब्द मुलाच्या कानाला आरोपासारखा लागतो. ‘का नाही झेपत?’ म्हटलं की तो कैफियत द्यायला लागतो किंवा गप्प बसतो. ‘कधीपासून’, ‘केव्हा’, ‘कसं वाटतं तेव्हा’ हे शब्द वापरून पाहा. विचारायचं तेच असतं, पण मूल पिंजऱ्यात उभं राहत नाही.

पंखा फिरला. वडील उतरले आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.” मग ते चहा करायला गेले. फोन केला नाही. तेवढं एक काम त्यांनी माझ्याकडून जणू शपथेवर घेतलं होतं.

हे ऐकायला सोपं वाटेल म्हणून पुढे काय बिनसलं तेही सांगते. त्याच आठवड्यात आईने आनंदाच्या भरात स्वतःच्या बहिणीला फोन केला. “बोलला गं एकदाचा! क्लास जमत नाही म्हणतोय.” दार लोटलेलं होतं, पण भिंतीला कान असतातच. दादाने ऐकलं. नऊ दिवस पुन्हा ‘ठीक’ आणि ‘काही नाही’. ताट खोलीत. आई रडत माझ्याकडे आली.

मी तिला म्हटलं, माफी मागा. आपल्या घरांत आईवडील मुलाची माफी मागत नाहीत. मागितलीच तर अशी: “चुकलं बाबा माझं, पण तूही समजून घे ना.” त्या ‘पण’ने सगळं वाहून जातं. आम्ही वाक्य तयार केलं, तिने ते चार वेळा म्हणून पाहिलं, आणि रात्री उंबऱ्याशी उभं राहून म्हणाली: “तू पप्पांना सांगितलेलं मी मावशीला सांगितलं. ते माझं नव्हतं सांगायचं. पुन्हा करणार नाही.” आणि निघून आली. उत्तर आलं नाही. उत्तराची वाट बघायची नाही, हे आधीच ठरलं होतं. दोन दिवसांनी तो ओट्याजवळ आला आणि म्हणाला, “मावशी आता सगळ्यांना सांगणार.” आई म्हणाली, “हो, सांगेल ती.” त्याला खरं उत्तर मिळालं. तो उभाच राहिला.

आता माझ्या बोलण्यातला सगळ्यात गंभीर भाग. आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं गप्प राहणाऱ्या मुलासाठी आहे. आजारी मुलासाठी ते पुरेसं नाही, आणि दोघं बाहेरून सारखेच दिसतात. मग ओळखायचं कसं? मी आधी एक विचारते: तो फक्त तुमच्याशी गप्प आहे, की सगळ्यांशी? दादा घरात गप्प होता, पण गच्चीवर एका मित्राशी फोनवर हसायचा, आणि रविवारी बॉक्स क्रिकेटला जायचा. दार लोटलेलं होतं. काही मुलांच्या दाराला कडी लागलेली असते. मित्रांचे फोन उचलणं थांबतं, जे मनापासून आवडायचं ते सुटतं, जेवण किंवा झोप एकदम बदलते, आंघोळ टाळली जाते, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज दिसतं. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की आपण उदास चेहरा शोधतो. या वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं, म्हणून आपण त्याला उद्धटपणा म्हणतो आणि ओरडतो. जपानमध्ये कित्येक महिने, वर्षं खोलीबाहेर न पडणाऱ्या तरुणांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांनी १९९८ साली त्यावर पुस्तक लिहिल्यावर हा शब्द घराघरांत गेला. तिथेही सहा महिन्यांची माघार हा निकष धरतात. आपण सहा महिने थांबू नये. दोन आठवडे दिसलं की डॉक्टरांकडे, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

आणि तो ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं काही बोलला, हाताला जखमा दिसल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर सरळ विचारा. पालकांना या प्रश्नाची फार भीती वाटते. विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. विचारल्याने पुष्कळदा मुलांना सुटल्यासारखं होतं. शब्द साधे ठेवा: “तुला कधी जगणं नको वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?” आणि उत्तर ‘हो’ असेल तर दचकू नका, रागावू नका, देवाची शपथ घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक तुम्ही आत्ता मोबाइलमध्ये घालून ठेवलात तर माझं येणं कारणी लागेल. मी अर्धा मिनिट थांबते.

इथल्या पुष्कळ घरांत मुलाला वेगळी खोली नाही, हे मला ठाऊक आहे. दोन खोल्यांत पाच माणसं. अशा घरात मुलाची खोली म्हणजे त्याचे हेडफोन. किंवा गच्चीची पायरी, बंद मोटारसायकलची सीट, भिंतीकडे तोंड करून झोपण्याची बाजू. तिथेही टकटक करता येते. हेडफोन उपटून काढणं म्हणजे दार फोडून आत जाणंच आहे. समोर येऊन हात हलवा, त्याने एक कान मोकळा करेपर्यंत थांबा. मोबाइलबद्दल मला नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: त्याच्या हातातून मोबाइल हिसकावून घेऊन कुणाचाही मुलगा बोलता झालेला मी पाहिलेला नाही. वेळेची मर्यादा घालायची असेल तर शांत दिवशी, त्याला बरोबर घेऊन ठरवा, आणि ती घरातल्या मोठ्यांनाही लागू करा.

दादाचं पुढे काय झालं? दिवाळीनंतर तिघांनी मिळून ठरवलं की तो क्लास सोडायचा, कॉलेज चालू ठेवायचं आणि सीईटीची तयारी करायची. केमिस्ट्रीसाठी त्याच गल्लीतली एक निवृत्त शिक्षिका मिळाली. तिने त्याला मोल कन्सेप्ट डझनाच्या हिशेबाने समजावला. बारा अंड्यांचं एक डझन, तसा तो अमुक इतक्या कणांचा एक मोल. अडीच महिने अडलेलं दोन संध्याकाळींत सुटलं. फीचे पैसे परत मिळाले नाहीत. वडील त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत, आणि हे त्यांना किती जड गेलं असेल हे रोखपालाचं घर चालवणाऱ्यालाच कळेल.

तो आता खूप बोलका झालाय का? नाही. आजही ‘कसा गेला पेपर?’ म्हटलं की ‘ठीक’ म्हणतो. पण आईने वही चालू ठेवली आहे, मापांच्या मधल्या पानांवर. मागच्या महिन्यात तिने मला एक पान दाखवलं. त्यावर तिचं एकही वाक्य नव्हतं, फक्त त्याचं होतं. ती मशीनवर होती, तो पाणी प्यायला आला होता, आणि जाता जाता म्हणाला होता: “आई, तुला अकरावीला कुठला विषय जड जायचा?”

मी इथे थांबते. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवलेला आहे. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी संकोच करू नये. मागच्या बाजूला चपलांच्या रॅकशी मी थांबणार आहे, तिथे शेजारी उभं राहून बोलू.